तव्याविना रावस

अहो, ओव्हनमध्ये मासा! ज्या पेटीत आजवर केक आणि नानकटाईच होत होती, तिच्यात रावस शिजतो, आणि असा शिजतो की फोर्क लावला की पाकळ्या आपोआप सुटतात. घरभर धूर नाही, ओट्यावर तेलाचे शिंतोडे नाहीत, उलटताना तुकडा मोडेल ही धास्ती नाही, कारण उलटायचंच नसतं! सध्या जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

बाजारात मावशीला म्हटलं, मधला काटा काढून लांब फिले द्या. तिने साल तेवढी ठेवली. ‘‘ऱ्हाऊ दे गो, मोडणार नाय,’’ म्हणाली, आणि ते अगदी खरं निघालं. सालीची बाजू खाली ठेवली की ट्रेची आच आधी सालीला लागते आणि मांस अखंड राहतं.

आता खरी गंमत. किती वेळ ठेवायचं हे वजनावर ठरत नाही, जाडीवर ठरतं! पाव किलोचा तुकडा असो की किलोचा, आच वरून आणि खालून आत शिरते. तिला मध्यापर्यंत पोचायला किती अंतर कापावं लागतं एवढाच प्रश्न. म्हणून फिलेचा सगळ्यात जाड भाग मोजायचा. अंगठ्याचं वरचं पेर साधारण एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर. फूटपट्टी शोधत बसू नका. ओव्हन 200 अंशांवर, आणि आधी दहा-पंधरा मिनिटं चांगला तापवलेला. एक इंच जाडीला दहा ते बारा मिनिटं, अर्ध्या इंचाला पाच ते सात. बस्स! परदेशात याला कॅनेडियन नियम म्हणतात, फक्त तिथे आच थोडी जास्त धरतात. पंखा फिरणारा ओव्हन असेल तर 180 पुरतं. दीड इंचाच्या पुढे मात्र हा हिशेब लंगडा पडतो, कारण जाडी वाढते त्याहून वेगाने वेळ वाढतो. असा तुकडा सरळ आडवा चिरून पातळ करावा.

माझा रावस डोक्याकडे चांगला इंचभर आणि शेपटीकडे जेमतेम अर्धा इंच. दोन्ही टोकं एकदम कशी शिजणार? शेपटीचं टोक खाली दुमडलं, झाली जाडी सारखी! तुकडे आधी कोरडे टिपून घेतले होते, कारण ओला मासा भाजला न जाता वाफवला जातो. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण, चमचाभर तेल, आणि ट्रे मधल्या खणात.

नवव्या मिनिटाला दार उघडलं. रंगाकडे बघून उपयोग नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. हळद-तिखटाखाली काही दिसत नाही, आणि लिंबू किंवा आगळ लावलं असेल तर मांस आचेशिवायच वरून पांढरं पडतं. (म्हणून आंबट अर्ध्या तासाहून जास्त लावून ठेवूच नये, मांस खडूसारखं होतं.) परीक्षा आतच घ्यायची. सगळ्यात जाड जागी फोर्क तिरका खुपसायचा आणि हलकेच पिळायचा. माझ्या फिलेच्या वरच्या पाकळ्या सुटल्या, पण मधे अजून काचेसारखी झाक होती आणि तिथलं मांस एकमेकांना धरून बसलेलं. दार बंद, दोन मिनिटं आणखी. पुन्हा फोर्क, आणि काय सांगू, मांस आपल्याच रेघांवर अलगद उलगडलं! शुभ्र, ओलसर, चकाकणारं! पाकळ्यांच्या मधे जे पातळ पडदे असतात ते आचेने विरघळून मऊ होतात, म्हणून हे सुटणं. सुरीने कापून असं कधी होत नाही.

पुढे गेलात तर तेही कळतं. पृष्ठभागावर पांढरे दह्यासारखे थेंब जमू लागतात, ती मांस आकसल्याने बाहेर पडलेली माशातली प्रथिनं. थोडे चालतात, पण ट्रेभर झाले तर समजा मासा सुकला. मग पाकळ्या सुटत नाहीत, भुगा होतो. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 63 अंश हा सुरक्षित आकडा. मी 60 ला बाहेर काढते आणि दोन-तीन मिनिटं गरम ट्रेवरच ठेवून पुन्हा मोजते. आतली उष्णता उरलेलं काम करते. आकडा चढला नाही तर ट्रे परत आत.

फॉइलमध्ये गुंडाळलात तर चार-पाच मिनिटं जास्त लागतील, आणि वरची खरपूस कड विसरा. रव्याची कुरकुरीत कापं हवी असतील तर तवाच बरा, तिथे ओव्हनची डाळ शिजत नाही. बोंबील तर चुकूनही ठेवू नका, नुसतं पाणी सुटेल. पण घोळ, जिताडा, सुरमईच्या तुकड्या, सगळ्यांना हाच हिशेब. पुढच्या रविवारी जिताडा!