बाबांचं वरण आणि साडेसातशे वॅट

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांना गिळायला त्रास होऊ लागला. मी नोकरीनिमित्त नांदेडला, आईबाबा लातूरला. फोनवर आईला म्हटलं, ज्यूसर पाठवते, रस तरी पोटात जाईल. डॉक्टरांनी तो बेत मोडून काढला. अशा माणसाला पातळ रस जास्त धोक्याचा, कारण तो सावरायच्या आत श्वासनलिकेकडे घसरतो. घासात गुठळी नको, कण नको, पण तो चमच्यावर धरून राहील इतका दाट हवा. म्हणजे ज्यूसर नव्हे, मिक्सर. तोही दिवसातून तीन-चार वेळा चालणारा.

मी ऑनलाइन 1000 वॅटचा, पारदर्शक जारचा मिक्सर मागवला. आकडा मोठा, म्हणजे काम चोख, असा माझा हिशोब. चौथ्या महिन्यात आईचा फोन आला, "मोटर फिरतीये, पण पातं हलंना गं." त्या रात्री आईनं वरणभात पुरणयंत्रातून काढला आणि मग चाळणीवर घासून गाळला. बाबांना वाटीभर जेवण द्यायला पाऊण तास लागला.

दुखणं क्षुल्लक होतं. जारच्या बुडाशी आणि मोटरच्या माथ्यावर एकमेकांत अडकणाऱ्या दोन दातेरी चकत्या असतात, त्यांना कपलर म्हणतात. त्याचे दात झिजले होते. मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी होती, पण कपलर, बुश आणि जार तिच्यात धरलेले नव्हते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर लातुरातही नव्हतं, नांदेडातही नव्हतं. 'मशीन पुण्याला पाठवा,' असं उत्तर आलं. तोपर्यंत बाबांनी काय खायचं?

गंजगोलाईजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे मिक्सर नेला. त्यांनी कपलर हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "ताई, वॅट नका बघू. ही चकती इथं भेटती का, ते बघा आधी."

नंतर वाचताना लक्षात आलं की भारतीय मिक्सरचा उगमच या प्रश्नात आहे. 1960च्या दशकात मुंबईतल्या माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपली वाटणं काढता काढता बंद पडला आणि तो इथं दुरुस्त होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल असा मिक्सर घडवला, तोच 'सुमीत'.

दुसरा मिक्सर घेताना मी दुकानात जायच्या आधी चौकशी केली. कंपनीला फोन लावून विचारलं, लातुरात सेंटर कुठे आहे आणि या मॉडेलचा कपलर व बुश आज तिथं आहे का. मग त्या सेंटरला स्वतः फोन केला. या एका फोनवर तीन कंपन्या गळाल्या.

मोटर 750 वॅटची घेतली. खोक्यावरचा आकडा मोटर किती वीज ओढते ते सांगतो, पात्यावर किती जोर येतो ते नाही. तरी आमच्याकडे 500 कमीच पडले असते. उन्हाळ्यात दाब 230 व्होल्टवरून 190 पर्यंत उतरला, तर मोटरची ताकद ढोबळमानानं एक तृतीयांशानं घटते. वरण निघेल, पण त्याच मिक्सरवर शेंगदाण्याचा कूट आणि कारळाची चटणीही व्हायची असते. मोटर तापून आपोआप थांबली, तर बुडाशी लाल बटण असतं. मिक्सर निवल्यावर ते दाबायचं. पण बटण रोजच उडायला लागलं, तर जार जास्त भरतोय किंवा बुश जाम झालाय असं समजायचं.

जार स्टीलचे घेतले. पारदर्शक जारमधून आत दिसतं हे खरं, पण आमचा जार गरम वरण, हळद आणि लवंगेच्या मसाल्यानं चार महिन्यांतच पिवळा, धुरकट झाला होता. स्टीलमध्ये दिसत नाही, म्हणून थांबून, झाकण उघडून, चमच्यानं तपासावं लागतं. गरम पदार्थ मात्र कुठल्याच जारमध्ये घालायचा नाही, वाफ कोंडून झाकण उडतं. बोट टेकवता येईल इतका निवू द्यायचा आणि जार अर्धाच भरायचा.

आईला एक खूण सांगून ठेवली आहे. धुतलेला जार कोरडा करून त्यात पाणी भरायचं आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचा. सकाळी कागदावर ओलं वर्तुळ दिसलं, तर बुशचं सील गेलं. तिथून काळं ग्रीसही अन्नात येऊ शकतं, तेव्हा तो जार बाजूला काढायचा. परवा तसं वर्तुळ दिसलं. आई सकाळी अकराला जार घेऊन निघाली आणि नवा बुश बसवून साडेबाराला घरी आली. बाबांचं जेवण एकला असतं.