खालची ओळ

नववीच्या वर्गात संश्लेषक भागाकार शिकवताना मी दर वर्षी एकच बहुपदी घेते: २x³ − ७x + ५. हिच्यात x² चं पद नाही, म्हणूनच ती माझ्या कामाची. आधी विचारते, x ची किंमत ३ घेतली तर हिची किंमत किती? मुलं घात काढायला बसतात. तीनचा घन सत्तावीस, त्याची दुप्पट चोपन्न, त्यातून एकवीस गेले, पाच मिळवले, अडतीस. उत्तर बरोबर असतं. पण दहाव्या कोटीच्या बहुपदीत सगळी पदं असली आणि प्रत्येक पद असं सुटं काढलं, तर पंचावन्न गुणाकार होतात.

मग फळ्यावर x सामाईक काढत जाते: ((२x + ०)x − ७)x + ५. आता आतल्या कंसातून बाहेर यायचं. दोनाची तीनपट सहा, शून्य मिळवलं तरी सहाच. सहाची तीनपट अठरा, सात गेले, अकरा. अकराची तीनपट तेहतीस, पाच मिळवले, अडतीस. घात एकदाही काढला नाही. या पद्धतीत दहाव्या कोटीलाही दहाच गुणाकार लागतात. तिला इंग्लंडच्या विल्यम जॉर्ज हॉर्नरचं नाव आहे, त्याच्या १८१९ मधल्या लेखामुळे. पण चीनच्या छिन च्युशाओने १२४७ च्या ग्रंथात समीकरणं सोडवताना हीच रीत वापरली होती.

आता तोच हिशेब सहगुणक रूपात मांडते:

```
३ |  २    ०   −७    ५
  |       ६   १८   ३३
  -------------------
     २    ६   ११   ३८
```

मुलं म्हणतात, बाई, हे तर आत्ताच केलं! तेच मला त्यांच्या तोंडून हवं असतं. किंमत काढताना वाटेत लागलेले २, ६, ११ हे कच्चं काम नव्हतं. बहुपदीला x − ३ ने भागल्यावर येणारा भागाकार तोच आहे: २x² + ६x + ११, आणि बाकी ३८.

असं का होतं, हे मी लांब भागाकार शेजारी मांडून दाखवते. भागाकाराचं पहिलं पद २x². त्याने x − ३ ला गुणलं की २x³ − ६x² मिळतात आणि ते वजा करायचे असतात. वजा सहा वजा केले की अधिक सहा होतात. म्हणून चौकटीबाहेर −३ न लिहिता ३ लिहायचे, आणि वजाबाकीच्या जागी बेरीज करायची. पुढच्या प्रत्येक घराला हेच लागू पडतं: वरचा सहगुणक, अधिक डावीकडच्या उत्तराची तीनपट.

शाळेत असताना मी स्वतः इथेच चुकले होते. x² चं पद दिसलं नाही म्हणून शून्य लिहिलं नाही आणि २, −७, ५ एवढंच मांडलं. खाली २, −१, २ आले आणि बाकी दोन म्हणून मी वही दिली. चूक ओळखायला उत्तरसूची लागत नाही. तिसऱ्या कोटीच्या बहुपदीला वर चार आकडे हवेतच. त्याशिवाय x = ० घेऊन पाहावं: ११ गुणिले −३ म्हणजे −३३, त्यात बाकी ३८ मिळवली की ५. मूळ बहुपदीतलं स्थिरपद परत मिळालं. माझ्या चुकीच्या उत्तराचा भागाकार होता २x − १. त्यात हीच पडताळणी −१ गुणिले −३, अधिक २, म्हणजे ५ देते. म्हणजे ही एकटी पडताळणी माझी चूक पकडत नाही. म्हणून x = १ सुद्धा घ्यायचं. मूळ बहुपदी तिथे शून्य होते. बरोबर उत्तरात १९ गुणिले −२, अधिक ३८, शून्यच. माझ्या उत्तरात १ गुणिले −२, अधिक २, हेही शून्य! शेवटी माझी चूक आकड्यांच्या मोजणीतच सापडते. तिसऱ्या कोटीच्या बहुपदीला पहिल्या कोटीच्या भाजकाने भागलं तर भागाकार दुसऱ्या कोटीचा यायला हवा, आणि माझा पहिल्या कोटीचा होता. म्हणून वर्गात मी सगळ्यांत आधी घरं मोजायला लावते.

भाजक २x − ३ असला की आणखी एक जागा सांभाळावी लागते. बाहेर ३/२ लिहायचे. खाली २, ३, −५/२ आणि बाकी ५/४ येते. पण हा भागाकार x − ३/२ चा झाला. २x − ३ त्याच्या दुप्पट आहे, म्हणून भागाकार निम्मा करायचा: x² + (३/२)x − ५/४. बाकी मात्र तशीच ठेवायची. मुलं बाकीही निम्मी करतात, ती चूक x = ० घेतलं की लगेच उघडी पडते.

फळा पुसताना मी खालची ओळ शेवटी पुसते. अकरावी-बारावीत गेलेलं कोणी भेटायला आलं, तर २, ६, ११ पुन्हा लिहून त्याच ३ ने पुन्हा भागायला सांगते. २, १२, ४७ येतात. मग २x³ − ७x + ५ चं विकलन करून x = ३ ठेवायला लावते. ६x² − ७, म्हणजे चोपन्न वजा सात: सत्तेचाळीस.