एकटीचा रस्ता

आमच्या कोथरूडच्या घरापासून मेट्रो स्टेशन ८५० मीटरवर आहे. फोनमधलं नकाशाचं अ‍ॅप म्हणतं, चालत ११ मिनिटं. मला नऊ लागतात. माझी ताई व्हीलचेअर वापरते, आणि तिच्यासाठी हा रस्ता तिसऱ्याच मिनिटाला संपतो. बागेच्या फाटकात स्कूटर आत घुसू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेत, त्यांच्यात ६० सेंटिमीटरची फट आहे. ताईची खुर्ची हाताच्या कड्यांसकट ६४ सेंटिमीटर रुंद.

या खांबांचं गणित मला बराच काळ छळत होतं. स्कूटरचं हँडल साधारण ७० सेंटिमीटर रुंद असतं, साधी व्हीलचेअरही तेवढ्याच्या आसपास. म्हणजे स्कूटर हमखास अडवेल अशी फट ठेवली की व्हीलचेअर आपोआप अडते. कुणाला अडवायचा हेतू नसतानाही अडवलं जातं. आणि अ‍ॅपच्या दृष्टीने ती नुसती बागेतली पायवाट आहे, छान सावलीची.

गेल्या वर्षी ताईने पुण्यात नोकरी घेतली. ऑफिस मेट्रोच्या मार्गावर, ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट, स्टेशनातही लिफ्ट. प्रश्न उरला तो या ८५० मीटरचा. पहिले दोन महिने मी तिला सोडायला जायचो. एकदा मी म्हणालो, "जमतंय की आता." ती म्हणाली, "तू असलास की रस्ता आहे, नसलास की नाही. मग तो रस्ता कुणाचा झाला?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझ्या कानाला हे वाक्य तक्रारीसारखं कमी आणि स्पेसिफिकेशनसारखं जास्त लागलं.

आधी अ‍ॅप काय करतं ते सांगतो. त्याच्या पोटात रस्त्यांचं जाळं असतं. चौक म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक रेघेला एक किंमत असते, आणि एकूण किंमत सगळ्यात कमी येईल अशी रेघांची साखळी शोधायची. चालणाऱ्यासाठी किंमत म्हणजे जवळजवळ फक्त लांबी. थोडा खडबडीत तुकडा आला तर आला, पुढचा गुळगुळीत तुकडा त्याची भरपाई करतो. व्हीलचेअरसाठी ही बेरीज चालत नाही. हजार मीटर उत्तम रस्ता आणि मध्ये १६ सेंटिमीटरची एक पायरी, म्हणजे रस्ता शून्य.

मोठ्या कंपन्यांनी यावर काहीच केलं नाही असं नाही. गूगल मॅप्सने २०१८ मध्ये लंडन, टोकियो, न्यूयॉर्क अशा मोजक्या शहरांत व्हीलचेअरचा पर्याय आणला, पण तो सार्वजनिक वाहतुकीसाठी होता. कुठल्या स्टेशनातून जायचं हे तो सांगायचा. स्टेशनच्या दारापर्यंत कसं पोचायचं हा आमचा प्रश्न होता.

त्यासाठी मी ओपनस्ट्रीटमॅपकडे वळलो. हा नकाशा कुणीही सुधारू शकतं, आणि त्यात फुटपाथच्या कडेसाठीसुद्धा वेगळी नोंद आहे. `kerb=raised` म्हणजे तीन सेंटिमीटरपेक्षा उंच कड, `kerb=lowered` म्हणजे साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत उतरवलेली, `kerb=flush` म्हणजे रस्त्याला अगदी सपाट. या नकाशावर चालणाऱ्या ओपनरूटसर्व्हिस नावाच्या सेवेत व्हीलचेअरचा वेगळा पर्याय आहे. कडेची उंची, चढ, किमान रुंदी आपण सांगायची आणि तो त्यातून रस्ता काढतो. ही सेवा जर्मनीतल्या हायडेलबर्गची. मी घर ते स्टेशन टाकलं. त्याने मला मुख्य रस्त्याच्या मधोमध एक सरळ रेघ काढून दिली.

दोष त्या सेवेचा नव्हता. आमच्या भागाच्या नकाशात फुटपाथच नव्हते. रस्ता म्हणजे एकच रेघ, आणि एक रेघ असली की तिला डावी-उजवी बाजू नसते. नकाशाच्या हिशेबाने तुम्ही त्या रेघेवर कुठेही असा, पलीकडे जायला काहीच लागत नाही. चालणाऱ्या माणसाला हे खपतं, कारण आपण डिव्हायडरवर पाय टाकून पलीकडे जातोच. व्हीलचेअरवरचा माणूस मात्र रस्त्याच्या एकाच बाजूला राहतो. आमची बाजू डावी, स्टेशनची लिफ्ट उजवीकडे, मध्ये अखंड डिव्हायडर. ज्या गोष्टीवर सगळं अडलं होतं, तीच नकाशात नव्हती.

मग तीन रविवार आम्ही दोघं मोजत फिरलो. दोन्ही फुटपाथ वेगळ्या रेघा म्हणून काढले आणि जिथे खरोखर पलीकडे जाता येतं फक्त तिथेच त्या जोडल्या. सामान म्हणजे मोजपट्टी, फोन आणि स्वयंपाकघरातला पाट. पाट चढ मोजायला. फोन थेट उतारावर ठेवला तर एखाद्या खड्यामुळे आकडा उड्या मारतो. पाट ठेवून त्यावर फोन ठेवला की निदान दीड फुटाची सरासरी मिळते. फोनमधली लेव्हल अंश दाखवते, नियम मात्र प्रमाणात असतो. रॅम्पसाठी रूढ प्रमाण १:१२, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. हा चढ पाच अंशांच्या किंचित खाली येतो. १५ सेंटिमीटरच्या फुटपाथसाठी १८० सेंटिमीटर लांब रॅम्प हवा. आमच्याकडे सोसायट्यांच्या फाटकांसमोर जे उतार केलेत ते जेमतेम ६० सेंटिमीटरचे. लेव्हल १४ अंश दाखवते. दुरून रॅम्पच दिसतो. ताईच्या शब्दांत, "तो गाडीसाठी आहे, मी वाटेत आले एवढंच."

डाव्या बाजूचा फुटपाथ अशा फाटकांपाशी २३ वेळा खाली-वर होतो. उपग्रहाच्या उंचीच्या आकडेवारीत यातलं काहीही दिसत नाही. त्यातली मोफत मिळणारी आकडेवारी साधारण ३० मीटरच्या चौकटीची असते. तिला टेकडी कळते, फाटक नाही. तुमच्या अ‍ॅपने रस्ता "बहुतांशी सपाट" म्हटलं तर तो टेकडीच्या अर्थाने सपाट आहे असं समजा.

शोधायचा प्रोग्राम मी घरीच पायथनमध्ये लिहिला, कारण ओपनस्ट्रीटमॅपमध्ये केलेली दुरुस्ती इतर सेवांमध्ये दिसायला वेळ लागतो. त्याचा गाभा एवढाच:

```
if kerb > max_kerb or width < min_width:
    return None
return length * (1 + slope / 4)
```

`None` आलं की ती रेघ जाळ्यात नाहीच असं धरायचं. बाकीच्यांसाठी चढ जितके टक्के, तितकी लांबी महाग. जिथे उंची मोजलीच नाही तिथेही मी `None` ठेवलं. माहीत नसलेली जागा चांगली धरायची की वाईट, हा अशा नकाशातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. चालणाऱ्याला चांगली धरलेली परवडते, तो फार तर दोन पावलं मागे येतो. ताईला अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागतं, आणि मागचा उतार आता चढ झालेला असतो.

`max_kerb` या आकड्यात मात्र ताईचं ते वाक्य बसलं. मी मागून ढकलत असेन तर पुढची छोटी चाकं उचलून १८ सेंटिमीटरची कडसुद्धा चढता येते. ती एकटी असेल तर तीन सेंटिमीटर. मी दोन्ही आकडे टाकून पाहिले. ०.१८ टाकलं तर बागेला वळसा घालून ९४० मीटरचा रस्ता मिळाला. डिव्हायडरच्या फटीतून, दोन कडा चढून. ०.०३ टाकलं तर उत्तर आलं: रस्ता नाही.

कडा चढवून-उतरवून घेणाऱ्या माणसाला गृहीत धरलं की शहरातल्या बऱ्याच जागा "व्हीलचेअरयोग्य" होतात. कुणी तुम्हाला "येते हो व्हीलचेअर इथे" असं सांगितलं तर विचारा, सोबत की एकटी.

रस्ता का नाही हे शोधणं सोपं होतं. घरापासून जिथवर पोचता येतं ते बिंदू हिरवे केले, स्टेशनपासून जिथवर येता येतं ते निळे. दोन्ही रंगांच्या मध्ये ११० मीटरचा एक तुकडा राहिला. सुरुवातीला उतार, शेवटी औषधांच्या दुकानासमोर १६ सेंटिमीटरची कड. तेवढा सुटला तर पुढे सिग्नलवर बेट कापून वाट सपाट केलेली आहे. तिथून पलीकडे जाऊन उलट स्टेशनकडे यायचं. एकूण १,२६० मीटर, ताईच्या वेगाने २४ मिनिटं.

ते ११० मीटर ताई फुटपाथ सोडून डांबरी रस्त्याच्या कडेने जाते. पुण्यात व्हीलचेअर वापरणारे अनेक जण असंच जातात, फक्त कुठलाही नकाशा ते मान्य करत नाही. मला ती रेघ जाळ्यात घालणं जड गेलं. बसच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्याला मी "योग्य" म्हणायचं? तिच्याशी यावर वाद झाला. तिचं म्हणणं, धोका किती ते नकाशाने सांगावं, जायचं की नाही ते ती ठरवेल. मी सकाळी साडेआठच्या आधी ती रेघ खुली ठेवली, चौपट महाग करून. संध्याकाळी बंद. हा आकडाही तिनेच सांगितला. सकाळी शाळेच्या बस निघून गेल्यावर आणि ऑफिसची गर्दी सुरू होण्याआधी मध्ये वीसेक मिनिटं मिळतात.

सार्वजनिक नकाशात आम्ही फक्त टिकणाऱ्या गोष्टी घातल्या: कडा, खांब, रुंदी. अँड्रॉइडवर स्ट्रीटकंप्लीट नावाचं अ‍ॅप आहे, ते तुम्ही उभे असाल तिथल्या कडेबद्दल साधा प्रश्न विचारतं आणि उत्तर नकाशात भरतं. हे टॅग पाठ करावे लागत नाहीत. भाजीची गाडी, लावलेल्या दुचाकी, पावसात खड्डा झाकणारं डबकं हे सगळं आमच्या खाजगी फाइलमध्ये. ती फाइल दर आठवड्याला बदलते.

संध्याकाळच्या वाटेचा तोडगा औषधांच्या दुकानदारकाकांनी काढला. त्यांच्याकडे खोके चढवायला दोन मीटरचा जाड लोखंडी पत्रा असतो. दुकान उघडं असेल तर ते तो कडेला लावून ठेवतात. पाटावर फोन ठेवून मोजलं, साडेचार अंश. ताई एकटी चढते. पण दुकान साडेनऊला उघडतं आणि ती सव्वाआठला तिथून जाते, म्हणून सकाळी डांबर, संध्याकाळी पत्रा. पत्रा रात्रभर बाहेर ठेवला तर चोरीला जाईल, असं काकांचं मत आहे. साखळीने खांबाला बांधायचा, तर कुलूप खालून उघडावं लागेल आणि ताईचा हात तिथवर पोचतो का, हे या रविवारी बघायचंय.