अद्ल आणि मक्लूब

विणकामाच्या इंग्रजी नमुन्याला भाषा म्हणावे की हिशेब, असा प्रश्न तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतो. पूर्ण वाक्य त्यात क्वचितच असते. ‘के’ म्हणजे सुलट टाका, ‘पी’ म्हणजे उलट टाका, ‘के टू टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणून त्यांचा एक करणे आणि ‘वाय ओ’ म्हणजे सुईवर धाग्याचा वेढा घेऊन जाळीचे भोक व एक नवा टाका तयार करणे. शेजारी चौकटींचा तक्ता असतो आणि त्यात तिरप्या रेघा, वर्तुळे, ठिपके व रिकामी घरे. असा एक नमुना अरबी भाषेत उतरविण्याच्या कामात गेल्या वर्षी मला सहभागी होता आले. त्यातून जे कळले ते येथे मांडते.

मुलाकडे शारजाला असताना शेजारी एक इजिप्शियन कुटुंब राहत असे. त्या घरची सून मला मोठ्या मायेने ‘तांत’ म्हणे. तिला बाळ होणार होते आणि अलेक्झांड्रियाला राहणारी तिची आई नातवंडासाठी दुलई विणणार होती. आईचा हात विणकामात तरबेज, परंतु इंग्रजीचे अक्षर ठाऊक नाही. मुलीला इंग्रजी उत्तम येते, पण सुई कशी धरावी हे माहीत नाही. मला सुया येतात, अरबी येत नाही. नमुना एका जुन्या इंग्रजी मासिकातला, त्याचा मोबाइलवर घेतलेला फोटो. त्यातच आईने खास या दुलईसाठी जपून ठेवलेला मऊ सुती धागा एका दुलईपुरताच होता. विणून उसवत बसले, तर पिळाचे तंतू सुटतात आणि धाग्याला पहिली झळाळी राहत नाही. म्हणून कागदावरच चूक राहू न देणे महत्त्वाचे होते.

नमुना शेटलंड बेटांवरच्या विणकामातला, इंग्रजीत ‘फेदर अँड फॅन’ म्हणून ओळखला जाणारा. आपल्याकडेही शाली, स्वेटर विणणाऱ्या भगिनींनी ही लाटांची जाळी पाहिली असेल. दर १८ टाक्यांवर आणि दर ४ सुयांवर तो पुन्हा सुरू होतो. पहिली सुई सुलट, दुसरी उलट. तिसऱ्या सुईवर तीन वेळा दोन टाके एकत्र, मग सहा वेळा ‘वेढा घेऊन एक सुलट’, मग पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र. चौथी सुई पुन्हा सुलट. दुलईला असे ८ भाग आणि दोन्ही कडांना ३-३ टाके, म्हणजे १४४ अधिक ६, एकूण १५० टाके. दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात असे धरले, तर रुंदी सुमारे ६८ सेंटिमीटर होते.

मूळ शब्द अरबीत फार सोपे निघाले. सुलट टाक्याला तिथे ‘अद्ल’ म्हणतात, म्हणजे सरळ. आणि उलट टाक्याला ‘मक्लूब’, म्हणजे उलटलेला. आपल्या सुलट-उलटची ही तंतोतंत जोडी. टाका म्हणजे ‘गुर्झा’, ओळ म्हणजे ‘सफ्फ’, वेढा म्हणजे ‘लफ्फा’. शब्द मिळाले की काम संपले, असे वाटण्याजोगी ही स्थिती. खरी अडचण शब्दांच्या पुढे होती.

माझ्याकडे येण्यापूर्वी तिने ऑफिसातल्या एका इंग्रजी जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून एक अरबी मसुदा करून घेतला होता. आईने त्यावरून लहानसा तुकडा विणला. एक भाग नि दोन कडा, म्हणजे २४ टाके. तिसऱ्या सुईनंतर सुईवर ३० टाके झाले आणि आईचा फोन आला. मुलगी मला म्हणाली, “तांत, आई विचारते, माझी दुलई प्रत्येक फेरीला सहा टाक्यांनी का वाढते?”

त्या प्रश्नातच उत्तर होते. एका भागात ‘दोन टाके एकत्र’ सहा वेळा येतात, आणि वाढही सहाचीच. मसुदा वाचवून घेतल्यावर दिसले की ‘के टू टॉग’ ऐवजी ‘गुर्झतैन अद्ल’, म्हणजे ‘दोन टाके सुलट’, असे लिहिले होते. ‘मअन’, म्हणजे ‘एकत्र’, हा शब्द गळला होता. विणकाम न जाणणाऱ्याला तो फालतू वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन टाके सुलट विणले तर दोनच राहतात. एकत्र विणले तर एक होतो. भागाचे टाके १८ राहण्याऐवजी ६ अधिक १२ अधिक ६, म्हणजे २४ झाले. यावर उपाय म्हणून आम्ही त्या कृतीचे नावच बदलले. टाके कमी करण्याला अरबीत ‘तनाकुस’ म्हणतात. तो शब्द वाक्याच्या आरंभी ठेवला आणि पुढे ‘दोन टाके एकत्र सुलट’ असे लिहिले. आता एखादा शब्द नजरेतून निसटला तरी ‘घट’ हा मुख्य अर्थ हरवत नाही.

येथे अरबी व्याकरणाचीही एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्याकडे एकवचन व अनेकवचन आहे. अरबीत त्यांच्यामध्ये द्विवचनही आहे. ‘गुर्झतैन’ म्हटले की दोन टाके. तिथे २ हा आकडा लिहावा लागत नाही. तीन ते दहापर्यंत ‘गुरझ’ हे अनेकवचन आणि अकरापासून पुढे पुन्हा एकवचन ‘गुर्झा’. वाचायला हे सुंदर आहे. परंतु विणणारी स्त्री वाक्य वाचत नाही, आकडा शोधते. म्हणून व्याकरणाला थोडी मुरड घालून प्रत्येक ठिकाणी आकडाच लिहिला, दोनसाठीही.

संक्षेप करण्याचा मोह मात्र टाळला. ‘अद्ल’चे पहिले अक्षर ‘ऐन’ आहे. क्रोशाच्या खांबाला अरबीत ‘अमूद’ म्हणतात, त्याचेही पहिले अक्षर ‘ऐन’च. आई दोन्ही कामे करणारी. एकाच अक्षराला दोन अर्थ देण्यापेक्षा पूर्ण शब्द लिहिणे बरे.

आता तक्ता. मुलगी म्हणाली, “अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तर तक्ता आरशासारखा उलटा करून पाठवू का?” याची मुळीच गरज नव्हती. विणकामाचा तक्ता इंग्रजी मासिकातही उजव्या-खालच्या कोपऱ्यातूनच सुरू होतो, कारण काम उजवीकडून डावीकडे सरकते. सुलट बाजूची सुई उजवीकडून वाचायची आणि उलट बाजूची डावीकडून. म्हणजे अरबी वाचकाला पहिली सुई आपोआपच सवयीची. तक्ता उलटवला असता, तर उजवीकडे झुकलेली घटीची रेघ डावीकडे झुकली असती, आणि त्या चिन्हाचा अर्थ वेगळी घट असा होतो.

चिन्हांचा दुसरा धोका मला तक्ता तिच्या शेजारी बसून वाचताना कळला. इजिप्तमध्ये जे अंक लिहितात त्यात पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि एक म्हणजे उभी रेघ. तक्त्यात वर्तुळ म्हणजे वेढा आणि ठिपका म्हणजे उलट टाका. आकड्यांची सवय असलेली नजर जाळीची ओळ ‘पाच, पाच, पाच’ आणि ठिपक्यांची ओळ ‘शून्य, शून्य’ अशी वाचू शकते. म्हणून तक्ता केवळ पडताळणीसाठी जोडला, घरांत वर्तुळाऐवजी ‘लफ्फा’ असा शब्द लिहिला आणि सूचना ओळीनिशी शब्दांत दिल्या.

ठिपक्याचा अर्थ तर आणखी फसवा. चिन्हे ही कापडाची सुलट बाजू कशी दिसावी हे दाखवतात. त्यामुळे ठिपका सुलट बाजूच्या सुईवर उलट विणायचा, पण उलट बाजूच्या सुईवर सुलट विणायचा. रिकाम्या घराचेही तसेच. चौथी सुई उलट बाजूची आणि तिच्यात सर्व ठिपके. ‘ठिपका म्हणजे मक्लूब’ असे एकदा ठरवून भाषांतर केले, तर तिथे ‘मक्लूब’ येते आणि काम बिघडते. टाक्यांची संख्या मात्र बरोबर राहते, त्यामुळे मोजून ही चूक सापडत नाही. ती डोळ्यांनीच पाहावी लागते. प्रत्येक लाटेखाली उठावाची आडवी कड दिसली पाहिजे. ती नसेल तर चौथी सुई चुकली. आम्ही बाजूंचा विचार आईवर टाकला नाही. पहिली सुई ‘अद्ल’, दुसरी ‘मक्लूब’, चौथी ‘अद्ल’ असा निकालच लिहिला. फक्त कडेचे तीन टाके प्रत्येक सुईला ‘अद्ल’, म्हणजे कडा गुंडाळत नाहीत.

राहिला फोटो. मासिकाच्या घडीची सावली तक्त्याच्या मधून गेली होती. तिसऱ्या ओळीत मी घरे मोजली ती १७ भरली: सहा रेघा, पाच वर्तुळे, सहा रिकामी. बँकेत दिवसअखेर जमा-खर्च जुळविल्याशिवाय कोणी घरी जात नसे. तीच रीत येथे चालते. रेघ एक टाका खर्च करते, वर्तुळ एक जमा करते. खर्च सहा, जमा पाच, तूट एकाची. आठ भागांत आठांची तूट, म्हणजे १५० चे १४२ टाके होणार आणि कडा वगळता उरलेल्या १३६ ला १८ ने भाग जात नाही. तेव्हा एक वर्तुळ सावलीत दडले असले पाहिजे. कोठे, तेही दिसत होते. सर्वत्र वर्तुळ आणि रिकामे घर आलटून पालटून येत होते. घडीपाशीच दोन रिकामी घरे लागून होती. तिचे मासिक दुसऱ्याच शहरात असल्याने दुसरा फोटो मिळणार नव्हता, परंतु या हिशेबाने त्याची गरजही उरली नाही.

हा ताळा सगळ्याच नमुन्यांना लावता येत नाही. पानाच्या आकाराच्या किंवा टोपीच्या नमुन्यात टाके ओळीगणिक मुद्दाम वाढतात वा घटतात. तेथे प्रत्येक ओळीची अपेक्षित संख्या आधी लिहून ठेवावी लागते. सुईच्या जाडीबद्दलही दक्षता हवी. आपल्याकडची जुनी ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि अमेरिकी ८ नंबर ५ मिलिमीटरचा. आम्ही नंबर काढून टाकून केवळ ‘४ मिलिमीटर’ असे लिहिले.

शेवटी आईने नव्या सूचनांवरून पुन्हा २४ टाक्यांचा तुकडा ८ सुया विणला आणि त्याचा फोटो पाठवला. दोन्ही जाळ्यांत सहा-सहा भोके, सुईवर २४ टाके आणि लाटेखाली उठावाची कड. मग तिने पूर्ण दुलईचे १५० टाके घातले. सोबत एक निरोपही आला, तो मुलीने मला वाचून दाखवला: प्रत्येक तिसऱ्या सुईच्या शेवटी ‘१५०’ असा आकडा कागदावर लिहून द्यावा, म्हणजे रात्री दिव्याखाली मोजताना आधार होतो. तो आकडा आम्ही लगेच घातला. सूचना लिहिणाऱ्याने असा जुळणीचा आकडा आपणहूनच प्रत्येक फेरीला द्यावा, हे त्या आजींनी आम्हाला शिकवले.