आता मी लोणचं वजनावर शिकवणार आहे

येत्या ३० आणि ३१ मे २०२६ ला, शनिवारी आणि रविवारी, तुकूममधल्या माझ्या घरी कैरीच्या लोणच्याची कार्यशाळा आहे. त्यानंतरच्या रविवारी, ७ जूनला, त्याच मंडळींनी पुन्हा एकदा यायचं आहे. वेळ तिन्ही दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, कारण या दिवसांत त्यानंतर चंद्रपुरात चुलीपुढे उभं राहवत नाही. ओळखीच्या किती तरी जणींना मी आजवर "लोणचं काही वर्ग भरवून शिकवायची गोष्ट नव्हे" असं सांगून परत पाठवलं आहे. ही सूचना वाचून त्यांना नवल वाटेल. म्हणून तारखा आणि शुल्काबरोबर माझं मन कशाने बदललं तेही लिहिते.

लोणचं हातात असतं, कागदावर नसतं, असं मी अगदी मनापासून मानत होते. सासूबाईंनी मला माप म्हणून कधी सांगितलंच नाही. त्या फोडी परातीत घेत, मीठ टाकत, खाराचा एक थेंब जिभेवर ठेवत आणि "झालं" म्हणत. त्यांच्या बरणीला बुरशी लागल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ग्रॅम आणि मिलीलिटरमध्ये लोणचं सांगणाऱ्यांना लोणचं कळत नाही, असं माझं मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

माझी पुतणी पुण्याला असते. तिने एका उन्हाळ्यात फोनवर विचारून लोणचं घातलं. मी तिला आमच्या घरचं माप सांगितलं: पंचवीस कैऱ्यांना तीन वाट्या मीठ. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "मोठी आई, लोणच्यावर कापसासारखं पांढरं आलं आहे वो." ओला हात लागला असेल, चमचा ओला असेल, बरणी नीट वाळली नसेल, असं मी म्हणाले. आपल्याकडे लोणचं बिघडलं की पहिलं बोट बाईच्या हाताकडेच जातं. ती म्हणत राहिली की सगळं कोरडं होतं.

पुढच्या मे महिन्यात ती सुट्टीत आली तेव्हा स्वतःची वाटी सोबत घेऊन आली, आणि ओट्यावर वजनकाटा मांडून बसली. माझी वाटी म्हणजे सासूबाईंची पितळी वाटी, जरा खोलगट. तिच्यात पाणी ओतून मोजलं तर दोनशे मिलीलिटर मावतं. पुतणीची स्टीलची वाटी एकशेवीसची. मी खडे मीठ घेते, ती पुडीतलं बारीक. खड्यांमध्ये मोकळी जागा राहते, म्हणून माझ्या तीन वाट्या मिठाचं वजन भरलं सुमारे ५२५ ग्रॅम. बारीक मीठ दाबून बसतं, तरीही तिच्या लहान वाट्यांचं वजन भरलं ४३५ च्या आसपास. इथवरचा फरक फार मोठा नव्हता. खरा फरक कैरीत होता. माझ्या कैऱ्या मूल-सिंदेवाहीकडच्या धुऱ्यावरच्या गावरान झाडाच्या, मुठीत मावतील एवढ्या. पंचवीस कैऱ्यांच्या फोडी निघतात अडीच किलो. तिने तिकडच्या बाजारातून आणलेल्या कैऱ्या थोराड. पंचवीसांच्या फोडी चार किलोच्या घरात गेल्या होत्या. म्हणजे माझ्या एक किलो फोडींना दोनशे दहा ग्रॅम मीठ पडत होतं आणि तिच्या एक किलोला एकशे दहाही नाही. माप दोघींचं एकच होतं, मीठ निम्मं होतं.

त्या दुपारी माझा विचार फिरला. सासूबाई अंदाजाने टाकत नव्हत्या. झाड ठरलेलं, मीठ ठरलेलं, आणि ती पितळी वाटी त्या कोणाला उसनीसुद्धा देत नसत. ते सगळं मिळून त्यांचं वजनमापच होतं. फक्त ते त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर चालणारं नव्हतं. आज गोल बाजारात एका सकाळी चार जातींची कैरी असते आणि घरोघरी वाटी वेगळी. अशा वेळी "हाताला सवय होऊ दे" असं म्हणून नव्या मुलीला परत पाठवणं म्हणजे तिच्या दोन-तीन बरण्या वाया घालवणं.

तर एक किलो फोडींना दोनशे ग्रॅम मीठ. फोडी कापून, बाठ्यातलं बी आणि त्याचा पातळ पापुद्रा काढून झाल्यावर वजन करायचं, अख्ख्या कैरीचं नाही. खडे असोत की बारीक, वजन तेच. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्याचा खार एवढा कडक होतो की बुरशीला आणि कुजवणाऱ्या जंतूंना त्यात वाढता येत नाही. दुसरी राखण कैरीच्या आंबटपणाची. म्हणून कैरी करकरीत, बाठा घट्ट धरलेली हवी. पाडाला आलेली घेतली तर आंबटपणा उतरलेला असतो आणि फोडी महिनाभरात मऊ पडतात.

मीठ कमी टाकता येईल का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. बहुतेक वेळा घरात कोणाला तरी रक्तदाब असतो. माझं उत्तर सरळ आहे: वर्षाच्या बरणीत मीठ कमी करायचं नाही, ताटातली फोड लहान करायची. कमी मिठाचंच हवं असेल तर पावशेर फोडींचं घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. ते लोणचं वेगळं आहे आणि ते बरणीत टिकेल अशी आशा ठेवू नये.

आता कार्यशाळेत काय होईल ते सांगते. पूर्वी कोणी फारच आग्रह केला तर मी एका सकाळीच सगळं दाखवून मोकळी होत असे. त्याने शिकणाऱ्याला लोणचं कालवणं दिसतं, मुरणं दिसत नाही. म्हणून तीन भेटी.

शनिवारी कैरी निवडायची, धुऊन पुसून कोरडी करायची, मोठ्या अडकित्त्याने बाठ्यासकट फोडायची आणि वजन करून मीठ-हळद चोळून ठेवायची. रात्रीत फोडींना पाणी सुटतं. ते पाणी पुष्कळ जणी ओतून देतात, आणि वजनाने मोजून घातलेलं मीठ त्याच्यासोबत मोरीत जातं. आपण ते गाळून बाजूला ठेवणार आहोत. रविवारी फोडी सुती कापडावर तासभर पसरायच्या आणि तेच पाणी मसाल्यात परत घालायचं.

मसाला किलोला असा: मोहरीची डाळ शंभर ग्रॅम, तिखट पाऊणशे ग्रॅम, हळद पंचवीस, मेथी पंधरा, हिंग दहा. तिखट मी भिवापुरी मिरचीचं वापरते. तेल तीनशे ग्रॅम, फल्लीचं. आमच्याकडे जुन्या बायका जवसाचं तेलही घालत, पण ते लवकर खवट होतं, त्यामुळे वर्षाच्या लोणच्यात मी ते घालत नाही. तेल धूर येईपर्यंत तापवायचं, आच बंद करून जरा निवल्यावर हिंग-मेथी तळायची, आणि मग तेल पूर्ण गार होऊ द्यायचं. घाई होते ती इथेच. मोहरी चढते ती कैरीच्या पाण्याशी गाठ पडल्यावर. कुटलेली मोहरी ओली झाली की तिच्यातला झणका तयार होतो. कडकडीत तेल आधीच ओतलं तर तो झणका तयारच होत नाही आणि मोहरी नुसती कडवट लागते. रविवारी मी एकाच मोहरीचे दोन लहान वाडगे करणार आहे, एकावर गरम तेल आणि एकावर गार. अर्ध्या तासाने दोन्हींचा वास घेऊन पाहा.

७ जूनला आपापली बरणी घेऊन यायचं. आठवड्यात फोडी तेल पितात आणि वरच्या फोडी उघड्या पडतात. तेल काही लोणचं टिकवत नाही, ते फक्त हवा अडवतं. उघड्या राहिलेल्या फोडीवर बुरशी पहिल्यांदा दिसते. तेव्हा तेल तापवून, गार करून वरून घालू, फोडी त्याखाली बोटाच्या एका पेराएवढ्या बुडाल्या पाहिजेत. झाकण काढताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा ताकासारखा आंबूस वास आला तर मीठ कमी पडलं आहे असं समजायचं. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून बाकीचं खाऊ नका, पूर्ण बरणी टाका. दुसऱ्याच दिवशी मृग लागेल आणि हवेत ओल येईल, म्हणून ही तपासणी त्याच्या आत उरकायची आहे.

वास्त्यांचं लोणचंही शिकवा, असं गडचिरोलीकडच्या दोघी-तिघींनी सुचवलं. वास्ते पावसाळ्यातच येतात, आणि ते उकळून पाणी फेकल्याशिवाय वापरायचे नसतात. कैरीबरोबर ते उरकणं मला पटत नाही. ऑगस्टमध्ये वेगळं बोलावीन.

शुल्क माणशी आठशे रुपये. विद्या देऊन पैसे घेऊ नयेत असं मी मानत आले, पण फुकट म्हटलं की निम्म्या जणी दुसऱ्या दिवशी येत नाहीत आणि मीठ लावलेल्या फोडी माझ्या परातीत राहतात. आठशेमध्ये तुमच्या किलोभर फोडींची कैरी, मसाला आणि तेल आलं. भरलेली बरणी तुम्ही घरी न्यायची. जागा बाराच आहेत, कारण मोठा अडकित्ता एक आहे आणि प्रत्येकीने, प्रत्येकानेही, निदान चार कैऱ्या स्वतः फोडाव्यात असं मला वाटतं. पुरुषांनी संकोच करू नये. नाव आणि निम्मे पैसे २४ मेपर्यंत घरी आणून द्यावेत. कैरी किती उतरवायची ते मूलच्या शेतकऱ्याला त्या हिशेबाने सांगायचं आहे.

येताना दोन लिटरची काचेची किंवा चिनी मातीची बरणी आणा, आदल्या दिवशी धुऊन कडक उन्हात वाळवलेली. स्टील, अॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिक नको, झाकणही धातूचं नको. मीठ आणि आंबट धातूला खातं. दोन धुतलेली सुती फडकी आणा, एक फोडी पसरायला आणि एक बरणीवर दादरा बांधायला. वही-पेन आणा. घरात वजनकाटा असेल तर तोही आणा, म्हणजे माझ्या काट्याशी ताडून पाहू. आणि तुमच्या रोजच्या वापरातली वाटी आणायला विसरू नका. शनिवारी सुरुवात तिच्यापासूनच होईल: तिच्यात तुमच्या घरचं मीठ भरून वजन करायचं आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा.