डाव्या कानात मी, उजव्या कानात फुफी

मालेगावच्या माझ्या फुफीची मी बेचाळीस मिनिटांची मुलाखत घेतली. तिचं बालपण, लग्न आणि पॉवरलूमसाठी कांड्या भरण्यात गेलेली वर्षं. आतेभावानं हट्टानं त्याच रात्री कच्ची फाइल मागून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "भाई, यात अम्मी बोलतच नाही. तू विचारतोस आणि मग नुसती लूमची खटखट."

तो कामावर असताना एकाच कानात इअरफोन घालतो, डाव्या. आम्ही दोघांनी कॉलरला वेगवेगळे माइक लावले होते आणि यंत्रानं माझा आवाज डाव्या बाजूला, फुफीचा उजव्या बाजूला ठेवला होता. दिसायला ती एक स्टिरिओ फाइल. प्रत्यक्षात एका पाकिटात घातलेली दोन वेगळी पत्रं.

अशी फाइल ओळखायची कशी? संगणकावर ऑडॅसिटीत उघडली की आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतात. वरची फुगते तेव्हा खालची बारीक, खालची फुगते तेव्हा वरची बारीक, म्हणजे दोन माणसं वेगळी आहेत. दोन्ही पट्ट्या हुबेहूब सारख्या असतील तर आवाज आधीच एकत्र झालेत. आणखी एक प्रकार असतो: दुसरी पट्टी पहिलीचीच नक्कल, फक्त हळू आवाजातली. कुणी अचानक ओरडलं आणि पहिली फाटली तर ही कामी यावी, म्हणून काही यंत्रं ती मुद्दाम ठेवतात. तिथं वेगळं करण्यासारखं काहीच नसतं.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे दोन्ही बाजू सरळ मिसळून टाकायच्या. तसं केलं की आवाज हंड्यातून आल्यासारखा पोकळ होतो. कारण साधं आहे. फुफीचा आवाज तिच्या माइकमध्ये तर जातोच, पण मीटरभर अंतरावरच्या माझ्या माइकमध्येही थोडा शिरतो, आणि तिथं पोहोचायला त्याला सुमारे 3 मिलिसेकंद जास्त लागतात. मिसळताना हे दोन आवाज काही स्वरांना एकमेकांना भर घालतात, काही स्वरांना एकमेकांना खातात. शिवाय शेजारच्या लूमची खटखट दोन्ही माइकांतून येते, ती वेगळीच. माणूस एक बोलतोय आणि कान मात्र दोन उघडे.

म्हणून पट्टीच्या मेनूतून Split Stereo to Mono निवडायचं. आता दोन सुट्या पट्ट्या मिळतात आणि दोन्ही मधोमध, म्हणजे दोन्ही कानांत ऐकू येतात. लगेच त्यांना नावं द्यावीत: 'मी', 'फुफी'. मग फुफी सलग बोलते तिथं माझी पट्टी गप्प करायची आणि मी बोलतो तिथं तिची. भाग निवडून Silence Audio, किंवा Ctrl+L. इथं Delete मात्र दाबू नये. Delete केलं की तेवढा तुकडा कापला जातो, पुढचा सगळा आवाज मागे सरकतो, आणि फुफीचं उत्तर माझ्या प्रश्नाच्या आधी येऊ लागतं. Silence Audio केल्यावर पट्टीची लांबी तेवढीच राहते, वेळ हलत नाही.

गप्प करण्यातही तारतम्य लागतं. माझं मधलं "जी", "हां फुफी" मी काढलं नाही. आपल्याकडे मोठी माणसं बोलतात तेव्हा समोरच्यानं हुंकार दिला नाही तर ती थांबतात. तो हुंकार संभाषणाचाच भाग आहे. आणि पट्टी पूर्ण शांत केली की मागची खटखट झटकन तुटते, ते कानाला खटकतं. त्यासाठी कडेला अर्ध्या सेकंदाचा उतार द्यावा. फुफीचा आवाज हळू होता, तेवढी तिचीच पट्टी वाढवली. आवाज मिसळलेले असते तर ते जमलंच नसतं. शेवटी मोनो फाइल काढली आणि आतेभावाला पाठवली. आता तो कोणत्याही कानात ऐको.

मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपून ठेवली आहे, कारण लिहून काढताना तीच लागते. तेविसाव्या मिनिटाला मी घाईनं पुढचा प्रश्न विचारतो, पण फुफीचं आधीचं वाक्य संपलेलं नसतं. मिसळलेल्या फाइलमध्ये तिथं नुसता गलबला आहे. उजवी बाजू एकटी ऐकली तर माझा आवाज दूरून येतो आणि त्याच्यावर फुफी स्पष्ट ऐकू येते. तिच्याबरोबर कांड्या भरणाऱ्या मैत्रिणीचं नाव ती सांगत असते. ही मैत्रीण घरात कुणालाच माहीत नव्हती. लिहिलेल्या मजकुरात ते नाव आता आहे, आणि पुढच्या जुम्म्याला फुफीला तिच्याबद्दल विचारायचं ठरलं आहे.