बुलबुलाचं अंतर आठ पावलं



रोटाव्हेटर चालू असला की गायबगळे ट्रॅक्टरच्या मागं चार-पाच फुटांवर बिनधास्त किडे टिपत असतात, हे आपण सगळेच बघतो. पण ट्रॅक्टर थांबवून खाली उतरा, त्यांच्याकडं तोंड करा आणि मोबाईल वर उचला. दुसऱ्या सेकंदाला थवा बांधापलीकडं! माणूस तोच, अंतरही तेच. पाखरू आपल्या कामाला भीत नाही. आपण थांबून, रोखून त्याच्याकडं बघायला लागलो की भितं. परसबागेत पाखरांचे फोटो काढायचे तर एवढी एक गोष्ट आधी कळली पाहिजे. मला ती उशिरा कळली, आणि तिची किंमत एका बुलबुलाच्या जोडीनं मोजली.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. घरामागच्या लिंबाच्या झाडात छातीएवढ्या उंचीवर लालबुड्या बुलबुलानं घरटं केलं. आत तीन अंडी, गुलाबीसर, त्यांवर तांबडे-जांभळे ठिपके. फोटो काढायला मधे एक फांदी येत होती. मी ती सुतळीनं बाजूला बांधली. आई ओसरीवरून म्हणाली, "आरं, चारदा जाऊ नको तिकडं. तू गेलास की सगळ्यांना कळतं तिथं काय आहे." मी हसण्यावारी नेलं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन फोटो काढले. तिसऱ्या दिवशी बघतो तर घरटं रिकामं आणि बुडाशी भारद्वाज फिरतोय. अंडी त्यानंच खाल्ली हे मी डोळ्यांनी बघितलं नाही. पण त्याच्या आणि अंड्यांच्या मधली पानं मी बाजूला केली होती, हे मला माहीत आहे. सुतळी सोडली तेव्हा फांदी आपोआप जागेवर गेली. जोडी काही त्या झाडात परत आली नाही.

तेव्हापासून नियम केला. घरट्याजवळ जायचं नाही, घरट्याचा फोटो काढायचा नाही. पाखराला आपल्या सोयीच्या जागी येऊ द्यायचं.

ती जागा कशी केली सांगतो. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण पक्षी थांबे रोवतो ना, तसाच एक थांबा परसबागेत रोवला. बोराची वाळलेली फांदी, साधारण चार फूट उंच. तिच्याशेजारी मातीचं पसरट भांडं, पाणी दोन बोटं खोल, मधे एक खडबडीत दगड. पाखरू थेट पाण्यावर उतरत नाही. आधी फांदीवर बसून आजूबाजूला बघतं, मग खाली येतं. फोटो मिळतो तो त्या फांदीवर बसलेल्या अर्ध्या मिनिटात. भांडं दाट झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवलं, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. पाणी एक दिवसाआड बदलतो, म्हणजे डास होत नाहीत.

सकाळचं ऊन माझ्या पाठीमागून फांदीवर पडेल अशा बाजूला स्टूल ठेवलं. सात ते नऊ ही माझी वेळ. त्यानंतर ऊन कडक होतं आणि फोटोत बुलबुलाचं काळं डोकं म्हणजे नुसता काळा डाग दिसतो.

आता अंतराचं. पहिल्या दिवशी पंधरा पावलांवर बसलो, अर्धा तास, हात मांडीवर. कॅमेरा काढलाच नाही. बुलबुल आले, पाणी पिऊन गेले. मग रोज दोन पावलं स्टूल पुढं घेतलं, तेही पाखरं नसताना. तेरा, अकरा, नऊ पावलांवर काही फरक पडला नाही. सात पावलांवर मात्र बुलबुल पेरूच्या झाडावर येऊन बसला, मान ताणली, तुरा उभा केला, एकसारखा ओरडत राहिला. वीस-पंचवीस मिनिटं खाली उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी एक पाऊल मागं, आठवर बसलो. दहा मिनिटांत येऊन पंख साफ करायला लागला. पाखरू पंख साफ करायला लागलं की समजायचं, त्यानं आपल्याला मान्य केलं. मान ताणून एकटक बघत राहिलं, चरायचं थांबलं, की आपण जास्त पुढं आलोय. उडून जाण्याची वाट बघायची नाही, तिथंच मागं व्हायचं. माझ्याकडच्या शिंजीराला चार पावलं चालतात, भारद्वाजाला वीसही पुरत नाहीत. प्रत्येकाचं माप वेगळं.

जागेवरून हलायचंच झालं तर पाखराच्या दिशेनं सरळ चालत नाही. तण काढत चालल्यासारखा तिरका जातो, नजर जमिनीकडं ठेवतो. तीन पावलं, मग थांबा. हातही झटकन वर नेत नाही. कॅमेरा आधीच छातीशी धरलेला असतो, तो सावकाश डोळ्यापर्यंत न्यायचा.

माझा कॅमेरा छोटा झूमवाला आहे. आठ पावलांवरून पूर्ण झूम केला की हात जरासा हलला तरी फोटो पुसट. म्हणून स्टुलापुढं मक्याचं अर्धं भरलेलं पोतं ठेवून त्यावर कॅमेरा टेकवतो. फोकस आधीच फांदीवर धरून ठेवतो आणि बटण दाबल्यावरचा आवाज बंद.

फोनची गोष्ट वेगळी. दोन बोटांनी पडदा ताणून झूम केला तर लेन्सच्या पलीकडं चित्र नुसतं कापून मोठं होतं, पिसं दिसत नाहीत. मग मी उलटं केलं. फोनलाच पाखराजवळ ठेवलं आणि मी लांब गेलो. भांड्यापासून दोन फुटांवर दोन विटा मांडल्या आणि दोन दिवस तशाच राहू दिल्या, पाखरांना सवय व्हावी म्हणून. तिसऱ्या दिवशी विटांच्या फटीत फोन उभा केला, व्हिडिओ चालू केला आणि ओसरीवर चहा प्यायला गेलो. नंतर व्हिडिओतलं चांगलं चित्र थांबवून काढून घेतलं. दोन अडचणी आल्या. उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडला, म्हणून वर ओलं फडकं टाकलेली तिसरी वीट आडवी ठेवली. आणि व्हिडिओनं मेमरी भरते, म्हणून दहा मिनिटांच्या वर चालू ठेवत नाही.

जूनमध्ये त्याच बोराच्या फांदीवर बुलबुल चोचीत हिरवी अळी घेऊन बसलेला मिळाला. खाल्ली नाही, तशीच धरून शेवग्याकडं उडाला. म्हणजे तिकडं कुठंतरी पिल्लं होती. फळं खाणारं पाखरू, पण पिल्लांना किडे-अळ्या भरवतं. पाऊल त्या दिशेनं उचललंच होतं, खरं सांगतो. पण ओसरीवरून आई बघत होती. खाली बसलो.

फोटो थोडा पुसट आहे, तरी सोबत टाकलाय. तुमच्या परसातला बुलबुल किती पावलांवर पंख साफ करतो, मोजून लिहा.